तीस मीटरवर किती?

पंपांच्या त्या कारखान्यात, दस्तऐवज विभागाच्या खोलीत एक राखाडी लोखंडी कपाट आहे. त्याचा उजवा दरवाजा बिजागरीवर खचला असल्याने तो दोन बोटांनी किंचित उचलून मगच उघडावा लागतो, आणि ही युक्ती गेली बावीस वर्षे एकाच बाईंना साधलेली आहे. कपाटात कारखान्याने आजवर छापलेल्या प्रत्येक माहितीपत्रकाची प्रत्येक आवृत्ती आहे. रद्द झालेल्या आवृत्त्याही आहेत, आणि त्या रद्द का झाल्या याच्या चिठ्ठ्याही.

या बाईंना विक्री विभागाने ‘तळटीपबाई’ असे नाव ठेवले होते. नाव चिकटले ते चिकटलेच. पुढे फाटकावरचा पहारेकरीसुद्धा “तळटीपबाई आल्या” अशीच नोंद तोंडी देऊ लागला. बाईंना त्याचा राग नव्हता. राग यायला पुष्कळ इतर गोष्टी होत्या.

त्यांची कामाची रीत सांगितली की त्यांचा स्वभाव निम्मा सांगून होतो. माहितीपत्रकाच्या कोष्टकात जो आकडा छापायचा, तो आधी त्या एका लांबट वहीत लिहीत आणि त्याच्यासमोर तो कुठून आला हे लिहीत: चाचणी अहवाल क्रमांक, पान, तारीख, मोजणाऱ्याची सही. या वहीला त्या उगमवही म्हणत. उगम सापडला नाही तर आकडा छापायचा नाही. नव्याने आलेल्या एका विक्री अधिकाऱ्याने एकदा विचारले होते, “बाई, पंपाचा रंग निळा आहे, याला पण अहवाल लागतो का?” त्यावर बाईंनी वही उलटून रंगाच्या डब्याचा क्रमांक दाखवला होता.

इतक्या काटेकोर बाईंच्याच हातून गेलेल्या एका पानाने त्यांच्या सख्ख्या दिराचे नाक कापले, हे या गोष्टीचे मूळ आहे.

दीर एका बाटलीबंद पेयांच्या कारखान्यात खरेदी विभागात होता. चार वर्षांपूर्वी तिथे बाटल्या धुण्याच्या यंत्रासाठी पंप हवा होता. पाणी तीस मीटर उंचीइतक्या जोराने ढकलायचे होते आणि तासाला बावीस घनमीटर मिळायला हवे होते. दिराने विश्वासाने वहिनींच्याच कारखान्याचे माहितीपत्रक उघडले. त्यात तीन पंप होते आणि त्यांची नावे त्यांच्या जास्तीत जास्त प्रवाहावरून पडलेली होती: पी-३०, पी-४२ आणि पी-६०. कोष्टकात पी-६० समोर लिहिले होते, कमाल प्रवाह साठ घनमीटर, कमाल हेड बत्तीस मीटर. हेड म्हणजे पंप पाणी किती उंचीवर नेऊ शकतो तो आकडा. दिराने हिशेब केला: तीस हे बत्तीसच्या आत, बावीस तर साठच्या कितीतरी आत. त्याने सगळ्यांत मोठा पंप मागवला आणि निवांत झाला.

पंप बसला आणि बाटल्या अर्धवट धुऊन निघू लागल्या. कारण साठ घनमीटर आणि बत्तीस मीटर हे दोन आकडे खरे होते, पण ते एकाच वेळी खरे नव्हते. पाणी जितके उंच ढकलावे तितके ते कमी येते. बत्तीस मीटरला पी-६० जवळजवळ कोरडाच, आणि साठ घनमीटर मिळतात ते जेमतेम आठ मीटर उंचीला. तीस मीटरवर तो सतराच घनमीटर देत होता. त्याच्याहून लहान, त्याच्याहून स्वस्त पी-४२ तिथे चोवीस देत होता. ते सगळे पत्रकाच्या मागच्या पानावरच्या आलेखात होते. पण तो आलेख टपाल तिकिटाएवढा होता आणि तिन्ही पंपांच्या रेषा एकाच करड्या रंगात छापलेल्या होत्या.

दिराला खरेदीतून काढून तळमजल्यावरच्या भांडारात बसवले. घरी तो एवढेच म्हणाला, “वहिनी, पान तुमचंच होतं हो.” तक्रार म्हणून म्हटले नव्हते. म्हणूनच ते बाईंच्या जिव्हारी लागले.

यंदा दोन गोष्टी एकदम जुळून आल्या. पत्रकाची नवी आवृत्ती निघायची होती. ती पाच वर्षांतून एकदाच निघे. आणि दिराच्या कारखान्यात नवे व्यवस्थापक आले होते. त्यांनी तो जुना पंप बदलण्याचा विषय काढला आणि दिराला विचारले, तुम्ही तेव्हा हा का निवडलात ते लेखी द्या, आणि आता कोणता घ्यावा तेही.

“माझ्या शब्दाला आता तिथे कोण विचारतंय,” दीर म्हणाला. “कंपनीचं छापील पान हवं. त्यात तिन्ही पंप समोरासमोर दिसले की आपोआप कळेल, चुकलं ते कशानं.”

“मिळेल,” बाई म्हणाल्या. आयुष्यात उगमाशिवाय दिलेला हा त्यांचा बहुधा पहिला शब्द.

त्यांनी जुने कोष्टक आडवे-उभे फिरवले. पूर्वी डावीकडे पंपांची नावे आणि वर ‘कमाल’ असे शीर्षक असलेले रकाने होते. पंप बनवणाऱ्याला आपल्या पंपाविषयी जे सांगावेसे वाटते ते तिथे होते. बाईंनी डावीकडे खरेदीदाराचा प्रश्न ठेवला: पाणी किती मीटरवर न्यायचे आहे? वीस, पंचवीस, तीस. वर तीन पंप. आणि रकान्यांत त्या त्या उंचीला प्रत्येक पंप प्रत्यक्षात किती पाणी देतो. वीस मीटरला पी-३० वीस, पी-४२ छत्तीस, पी-६० बेचाळीस. पंचवीसला बारा, एकतीस, बत्तीस. तीसला पी-३० समोर ‘पोहोचत नाही’, मग चोवीस, मग सतरा. आकडे असे मांडले की डोळा आपोआप तिसऱ्या ओळीवर अडखळे: मोठा पंप इथे मागे पडतो. खाली आणखी एक ओळ, त्यांच्या मते सगळ्यांत महत्त्वाची: त्या त्या उंचीला एक लाख लिटर पाणी ढकलायला किती युनिट वीज लागते.

विक्रीसाहेबांना हे पान पहिल्या भेटीतच खुपले. विक्रीसाहेब म्हणजे विक्री विभागाचे प्रमुख. गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांचा कोष्टकाकडे पाहण्याचा दृष्टिकोन दुकानाच्या काचेकडे पाहण्याचा होता.

“बाई, हे काय? आमचा सगळ्यांत महागाचा पंप तुम्ही शेवटच्या ओळीत मातीत घातलात.”

“मी नाही घातला. तीस मीटरला तो तेवढंच देतो.”

“मग तीस मीटर काढा ना! वीसची ओळ ठेवा. वीसला बघा कसा झक्क दिसतो.”

“वीसवाल्याला झक्क दिसेल. तीसवाला तोच पंप घेईल आणि चार वर्षं आपल्या नावानं बोटं मोडेल.”

“बोटं मोडेल, पंप तर घेतला ना?”

“आणि दुसरा?”

साहेब हसले. त्यांनी खणातून प्रतिस्पर्धी कंपनीचे पत्रक काढले. त्यात तुलना म्हणून हिरव्या खुणा होत्या: कार्यक्षमता, खूण, टिकाऊपणा, खूण, विश्वासार्हता, दोन खुणा. “हे बघा. याला म्हणतात तुलना. वाचणाऱ्याचं डोकं शिणत नाही.”

“कशाशी तुलना केलीय यात?”

“म्हणजे?”

“दोन खुणा म्हणजे किती?”

अशा बैठका अकरा झाल्या. बाईंच्या वहीत अकराही तारखा आहेत. दरवेळी त्या नवा मसुदा घेऊन जात आणि दरवेळी काहीतरी गमावून परत येत. कधी पंचवीसची ओळ जाई आणि पुढच्या आठवड्यात परत येई, कधी ‘पोहोचत नाही’ या शब्दांवर गाडी अडे. ते ‘नकारात्मक’ वाटतात, असे साहेबांचे म्हणणे. तिथे आडवी रेघ मारू, असे ते म्हणाले. बाई म्हणाल्या, रेघेचा अर्थ ‘मोजले नाही’ असाही होतो, ‘लागू नाही’ असाही होतो. साहेबांनी दोन्ही हात टेबलावर टेकून छताकडे पाहिले.

शेवटी दिरानेच घोडे पुढे ढकलले, तेही नकळत. बाईंनी रविवारी त्याच्यासमोर दोन पाने ठेवली, जुने आणि नवे, आणि हातात घड्याळ घेतले.

“परीक्षा घेताय की काय वहिनी?”

“घेतेय. पंचवीस मीटर, तीस घनमीटर. कोणता?”

जुन्या पानावर दीर चार मिनिटे घुटमळला आणि “पी-६०... असेल” म्हणाला. नव्या पानावर अकरा सेकंदांत त्याचे बोट थांबले. “बेचाळीसवाला. साठवाला एकच घनमीटर जास्त देतो, त्यासाठी कशाला मोठा घ्यायचा?” मग त्याने तेच बोट खाली तीस मीटरच्या ओळीवर नेले. “हे तेव्हा असतं तर,” एवढे म्हणून त्याने वाक्य सोडून दिले.

बाईंनी अशी परीक्षा आणखी सहा ओळखीच्या खरेदीवाल्यांची घेतली आणि वेळा साहेबांना नेऊन दाखवल्या. आकड्यांपुढे नाही, पण “सहाच्या सहा जणांनी फोन न करता निवडला” या वाक्यापुढे साहेब नरमले. फोनवर त्यांची माणसे हैराण झालेली होती. पान मंजूर झाले. शुक्रवारी छपाईला जायचे ठरले.

बुधवारी सकाळी बाईंनी सवयीप्रमाणे उगमवही शेवटची पडताळायला घेतली, आणि विजेच्या ओळीत पी-६० च्या रकान्यापाशी त्यांचे बोट थबकले.

वीस मीटरला लाख लिटरमागे पी-४२ दहा युनिटे खातो आणि पी-६० फक्त ८.३, असे पानावर होते. हाच आकडा साहेबांना फार आवडला होता; या एका आकड्यासाठी त्यांनी तीसची ओळ गिळली होती. वहीत त्याच्यासमोर अहवालाचा क्रमांक नव्हता. ‘रचना विभागाचा सारांश’ असे लिहिले होते. अकरा बैठकांच्या धबडग्यात, एकदाच, बाईंनी मूळ अहवाल न पाहता सारांशावरून आकडा उतरवला होता.

त्या मूळ अहवाल घेऊन चाचणीच्या शेडमध्ये गेल्या. तिथे चाचणीकाका चाचणी-बाकाशी, म्हणजे पंप बसवून तपासायच्या ओट्याशी, पाण्याच्या टाकीवर वाकून उभे होते. निवृत्तीला दोन वर्षे उरलेले हे गृहस्थ कारखान्यातल्या प्रत्येक पंपाला त्याच्या आवाजावरून ओळखत.

“काका, साठवाल्याची ही चाचणी तुमची ना? समासात काय लिहिलंय?”

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. “‘मोटर बाकाची.’ म्हणजे त्याची स्वतःची मोटर तेव्हा आलीच नव्हती. आपल्या चाचणी-बाकाची मोटर लावून चालवला.”

“मग वीज कुठे मोजली?”

“वीज नाही मोजली. पंप फिरवणाऱ्या दांड्यावर किती जोर लागला ते मोजलं. मोटरनं स्वतःचं किती खाल्लं, ते यात नाही.”

“आणि बेचाळीसवाल्याचं?”

“त्याचं मोटरसकट. मीटरवर.”

बाई तिथल्याच एका लाकडी खोक्यावर बसल्या. एका पंपाची आत शिरणारी वीज आणि दुसऱ्या पंपाच्या दांड्यावरची शक्ती त्यांनी शेजारी शेजारी बसवली होती, एकाच शीर्षकाखाली. जुन्या पानाने जे केले तेच त्यांच्या नव्या पानाने केले होते: दोन खरे आकडे, पण एकाच अर्थाचे नाहीत. फरक एवढाच, की जुन्या पानाला त्या नावे ठेवत होत्या.

“काका, आज बाक मिळेल? मोटरसकट एकदा—”

“आज? बाक सव्वा महिना भरलाय. विक्रीची चिठ्ठी आणा, बघतो.”

चिठ्ठीसाठी साहेबांकडे जावे लागले, आणि जाऊन आधी आपली चूक सांगावी लागली. साहेबांनी ती शांतपणे ऐकली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“म्हणजे तळटीपबाईंच्या वहीतही भोक पडलं म्हणायचं!”

“पडलं. म्हणून आले.”

“पण मग अडलंय कुठे? मोटरची कार्यक्षमता छापलेली असते ना तिच्यावर? गुणा-भागा आणि टाका.”

“केलं. साडेनऊच्या आसपास येतं. तसं छापू, पण आकड्यावर ताऱ्याची खूण करून, खाली टीप: ‘गणिताने काढलेले, मोजलेले नाही.’ बाकीचे आकडे मोजलेले आहेत.”

“साडेनऊ?” साहेबांचा उजेड मावळला. “८.३ चं साडेनऊ? मग दहात आणि साडेनऊत राहिलं काय? आणि वर तारा! बाई, पत्रकावर तारा दिसला की गिऱ्हाईक खाली बघतं, आणि खाली बघितलं की फोन करतं. आहे तो आकडा राहू दे. कुणी विचारणार नाही.”

“माझ्या दिराला कुणी विचारलं नव्हतं. तो भांडारात बसलाय.”

“तुमच्या घरचं इथे कशाला आणता?”

“पंप आपला होता म्हणून.”

तासभर ओढाताण झाली. साहेब तारा लावू देईनात, मोजू देईनात, बाई ८.३ छापू देईनात. उगमवहीत बाईंची सही नसेल तर पान छपाईला जात नाही, हा नियम साहेबांच्याच आधीच्या साहेबांनी केलेला होता. अखेर साहेबांनी लाल पेन उचलले आणि विजेची अख्खी ओळ आडवी खोडली. “घ्या. आता ना तारा, ना भांडण. सही करा.”

उरलेल्या पानात एकही आकडा खोटा नव्हता. बाईंना नाही म्हणायला कारण उरले नाही. त्यांनी सही केली, आणि त्या दिवशी त्यांना स्वतःचे अक्षर पहिल्यांदाच परके दिसले.

पान छापून आले. सुबक होते. बाईंनी पहिली प्रत दिराला दिली. त्याने तीस मीटरच्या ओळीवर बोट ठेवले, चोवीस आणि सतरा वाचले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मोकळे हसला.

“सुटलो. आता आमच्या साहेबांना नेऊन देतो.” मग पान उलटून पाहिले. “आणि वीज? ते आधी वीजच विचारणार.”

“ती ओळ होती,” बाई म्हणाल्या.

“होती म्हणजे?”

“होती.”

त्यांनी पेन्सिलीने समासात लिहून देण्याची तयारी दाखवली. दीर कसनुसा झाला. “पेन्सिलीचं नाही चालत हो वहिनी. तिथे माझं पेनानं लिहिलेलंही चालत नाही.”

नेमके तसेच झाले. नव्या व्यवस्थापकांनी पान पाहिले, “हं” म्हणाले, आणि वीज विचारली. पानावर ती नव्हती. “अर्धवट माहितीवर एकदा पंप घेतलाय तुम्ही,” ते म्हणाले आणि फाइल परत केली. बैठक पुढच्या गुरुवारवर गेली.

त्या बोलण्याने दिराचे डोके भडकले असावे, कारण त्याने चार वर्षांत न केलेली गोष्ट केली. भांडाराच्या कागदावर, रीतसर जावक क्रमांक घालून, वहिनींच्या कारखान्याला पत्र लिहिले: तीस मीटर हेडला पी-४२ आणि पी-६० यांना लाख लिटरमागे किती वीज लागते ते गुरुवारच्या बैठकीआधी कळवावे. घरी एका शब्दाने बोलला नाही.

पत्र विक्री विभागात पोहोचले. साहेबांनी त्यावर ‘योग्य ते उत्तर द्यावे’ असा शेरा मारून ते दस्तऐवज विभागाकडे सरकवले. बाईंनी खालची सही ओळखली आणि पत्र दोनदा वाचले.

आधी त्या शेडमध्ये गेल्या. ग्राहकाचे पत्र पाहताच काकांनी मान डोलावली. तीन महिन्यांच्या भांडणाने जे झाले नव्हते ते दोन ओळींच्या पत्राने झाले. “आता मात्र बाक द्यावाच लागेल. एकवीस दिवसांनी.”

“गुरुवारी हवंय.”

“मग गुरुवारी काय आहे तेच लिहा.”

खोलीत परत येऊन बाईंनी मूळ अहवाल पुन्हा उघडला. वीसच्या ओळीत सरळ तुलना करता येत नव्हती, हे खरे. पण तीसच्या ओळीत पी-४२ मोटरसकट १५.४ युनिटे खात होता, आणि पी-६० नुसत्या दांड्यावरच १९.४. मोटर काही वीज परत देत नाही. ती धरली की हा आकडा वाढेल. कमी होणे शक्यच नाही. म्हणजे चाचणी न करताही, तीस मीटरवाल्यासाठी निर्णय झालेला होता. तो त्या कपाटात चार वर्षे पडून होता.

त्यांनी उत्तर लिहिले. पी-४२: १५.४ युनिटे, मोटरसह मोजलेले. पी-६०: मोटरसह मोजलेले नाही, मोटर वगळून १९.४, म्हणून प्रत्यक्ष वापर याहून अधिकच असेल. तीस मीटर हेडला पी-६० ची शिफारस आम्ही करीत नाही. पूर्वीच्या आवृत्तीत कमाल प्रवाह व कमाल हेड शेजारी दिल्याने ते एकाच वेळी मिळतात असा समज होऊ शकत होता. नव्या आवृत्तीत मांडणी बदलली आहे. खाली अहवाल क्रमांक, पाने, तारखा.

साहेबांना बाहेर जायची घाई होती. “कसलं आहे?” त्यांनी पेनाचे टोपण काढत विचारले.

“बाटलीवाल्यांच्या पत्राचं उत्तर. योग्य ते. वाचून घ्या.”

“तुमचं काय वाचायचं, तळटिपाच असणार,” असे म्हणत त्यांनी सही ठोकली.

गुरुवारी दिराने ते पत्र बैठकीत ठेवले. पी-४२ मंजूर झाला. फाइलमध्ये त्याच्या जुन्या निवडीच्या कागदाला ते पत्र टाचणीने जोडले गेले. त्याची खुर्ची भांडारातच राहिली. ती वर न्यायची की नाही, यावर विचार होईल असे सांगण्यात आले.

घरी येऊन तो म्हणाला, “वहिनी, पत्र झकास होतं. पण हेच पानावर छापलं असतं तर मला लिहावं तरी लागलं असतं का?”

छापील पानाच्या तीन हजार प्रती बाहेर पडल्या होत्या आणि पुढची आवृत्ती पाच वर्षांनी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाचा दरवाजा दोन बोटांनी उचलला आणि पत्राची स्थळप्रत नव्या आवृत्तीच्या मागे ठेवली. विजेची ओळ लाल पेनाने खोडलेला मसुदा तिथे आधीच होता. उगमवहीत त्यांनी एकवीस दिवसांनंतरची तारीख घातली, पुढे ‘पी-६०, मोटरसह’ असे लिहिले आणि रकाना मोकळा ठेवला.